आत्यांचं हक्कसोडपत्र आणि ‘लॉच का?’

‘लॉच का?’ या प्रश्नाचं उत्तर तिनं घरून तयार करून आणलं होतं. इंग्रजीत होतं, मी मराठीत देते:

“माझे आजोबा २०१२ साली वारले. बार्शी तालुक्यात आमची आठ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. माझ्या दोन्ही आत्यांना त्यातलं काहीच मिळालं नाही. २०१३ मध्ये त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं गेलं. कायद्यानं मुलींना समान हक्क दिला, तरी समाज तो देत नाही. अशा स्त्रियांना न्याय मिळवून द्यायचा, म्हणून मला कायदा शिकायचा आहे.”

ही सराव मुलाखत होती. मी पुण्यात दिवाणी वकिली करते आणि बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉला जाणाऱ्या मुलांच्या अशा मुलाखती घेते. (तिची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना मुलाखतीची वेळच येत नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत क्लॅटच्या गुणांवर प्रवेश होतो, आयएलएस किंवा मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात सीईटीच्या गुणांवर. सिम्बायोसिससारख्या ठिकाणी मात्र स्लॅटनंतर मुलाखत असते. वर्षभर मुलं परीक्षेचे पेपर सोडवतात आणि मुलाखतीसाठी शेवटचे चार दिवस उरतात. त्या चार दिवसांत ‘लॉच का?’चं एक गुळगुळीत उत्तर तयार होतं.

तिचं उत्तर त्यातल्या त्यात बरं होतं. ‘मला वाद घालायला आवडतं’ किंवा ‘बाबासाहेब माझे आदर्श आहेत’ यापेक्षा तर नक्कीच. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्यांना मी पुढचा प्रश्न विचारते की त्यांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा का दिला. हिंदू कोड बिल हे उत्तर दहातल्या एखाद्याला येतं. या मुलीकडे स्वतःची गोष्ट होती, तीही कागदासकट. पण ती गोष्ट आपल्याला कुठवर नेईल याचा विचार तिनं केला नव्हता.

माझ्याबरोबर त्या दिवशी एक निवृत्त दिवाणी न्यायाधीश बसले होते. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “हक्कसोडपत्र करून घेतलं गेलं म्हणालात. कुणी करून घेतलं?”

“समाजानं, सर. म्हणजे आपल्याकडची मानसिकता…”

“दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मानसिकता आली होती का? दस्तात लिहून घेणार म्हणून नाव कुणाचं आहे?”

ती थांबली. “वडिलांचं. आणि काकांचं.”

“आठ एकर, दोन भाऊ, म्हणजे तुमच्या वडिलांकडे आज चार एकर. आत्यांचा वाटा धरला असता तर किती आली असती?”

“दोन.”

“मग तुम्ही न्याय मिळवून देणार तो कुणाविरुद्ध?”

यानंतर ती स्त्रियांच्या एकूण परिस्थितीवर बोलू लागली. आवाज चढला, वाक्यं लांबली आणि त्यातलं एकही तिच्या घराबद्दल नव्हतं. मुलाखत तिथेच हातची गेली. पुढची पाच मिनिटं उपचार होता.

ती बाहेर गेल्यावर मी न्यायाधीशांना म्हटलं, जरा कडक झालं. ते म्हणाले, “वडिलांचा विषय मी काढला नाही. तिच्या गोष्टीत ते आधीपासून बसलेले होते, तिनं फक्त त्यांचं नाव घेतलं नव्हतं.” त्यांचं खरं होतं. साक्षीदार ‘सही घेतली गेली’ म्हणाला की वकील पहिलं हेच विचारतो: कुणी घेतली, कधी, कुणासमोर. लॉच्या मुलाखतीत समोर बसलेल्यांचा पेशाच हा असतो. वैयक्तिक गोष्ट सांगायची असेल तर तिच्यातल्या प्रत्येक माणसाबद्दल आणि प्रत्येक कागदाबद्दल प्रश्न येणार हे धरूनच ती सांगावी लागते. तेवढी तयारी नसेल किंवा घरचं उघड करायचं नसेल, तर वेगळी गोष्ट निवडलेली बरी. त्यात कमीपणा काही नाही.

तिला मात्र हीच गोष्ट सांगायची होती. मग मी उत्तराच्या भाषेला हात लावला नाही. तिला तीन कामं दिली. मूळ दस्त वाचायचा, वडिलांशी आणि दोन्ही आत्यांशी बोलायचं आणि बार्शीच्या न्यायालयात दिवाणी दावे चालू असताना मागच्या बाकावर बसून राहायचं. न्यायालय खुलं असतं, तिथे बसायला कुणाची परवानगी लागत नाही, हे बारावीच्या मुलांना सहसा ठाऊक नसतं.

त्याआधी तिच्या हिशोबाची हाडं पक्की करून घेतली, कारण ‘समान हक्क’ हे शब्द तिनं नुसते उचलले होते. आजी आजोबांच्या आधीच गेल्या होत्या. जमीन खरोखर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानंच सहहिस्सेदार ठरते. म्हणजे आजोबा, दोन मुलं आणि दोन मुली असे पाच वाटे. आजोबांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत वाटायचा, की प्रत्येकाच्या नावे चौथा हिस्सा येतो. आठ एकर म्हणजे ३२० गुंठे, तर प्रत्येक आत्याचे ८० गुंठे. दुरुस्ती झालीच नसती तर आजोबा आणि दोन मुलगे असे तीनच वाटे पडले असते आणि आजोबांच्या तिसऱ्या हिश्श्यातला चौथा भाग तेवढा प्रत्येक मुलीला मिळाला असता. तो होतो जेमतेम २६-२७ गुंठे. ८० आणि २७ मधलं हे अंतर तिनं स्वतः कागदावर मांडलं, तेव्हा ‘कायद्यानं काय बदललं?’ या प्रश्नाला तिच्याकडे पहिल्यांदा उत्तर आलं.

यात आणखी एक धागा होता. मोठ्या आत्याचं लग्न १९९१ मधलं, धाकटीचं १९९९ मधलं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच स्वतःची दुरुस्ती करून मुलींना हा हक्क दिला होता, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी एक आत, एक बाहेर. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ही लग्नाची अट राहिली नाही. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत हे निकाल पाठ असावेत अशी कुणाची अपेक्षा नसते. पण आपण सांगितलेल्या गोष्टीत कोणता कायदा लागतो आणि तो तारखांनुसार कसा बदलत गेला, एवढं ठाऊक असलं की पुढच्या प्रश्नाला पाय टेकायला जागा मिळते.

ती परत आली ती वेगळंच काही घेऊन. दस्तात नेहमीचं वाक्य होतं: कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय हक्क सोडत आहे. खाली दोन्ही आत्यांच्या सह्या आणि अंगठे. मोठी आत्या तिला म्हणाली, “मला सगळं माहीत होतं गं. दोन एकरांसाठी माहेर तोडायचं नव्हतं.” धाकटीनं सांगितलेलं निराळं होतं. तिला वाटलं होतं की सही वारस नोंदीसाठी आहे, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं चढवायची तर भावंडांच्या सह्या लागतात. आपण हिस्सा सोडला हे तिला नंतर केव्हातरी फेरफार बघताना कळलं. वडिलांचं म्हणणं होतं, “दोघींच्या लग्नात खर्च केला, तोच त्यांचा वाटा.” वकिलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अशिलानं तोंड उघडण्याआधी मला ते ऐकू येतं. कायदा लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी असं मानत नाही.

एकच दस्त, तीच तारीख, तेच वाक्य, आणि त्यामागे दोन बायकांच्या दोन वेगळ्या हकिकती. मोठीनं दिलेली संमती कडू असेल, पण ती संमती आहे. धाकटीची हकिकत खरी असेल तर ती संमतीच नव्हे, फसवून घेतलेली सही आहे आणि असा दस्त रद्द करून मागता येतो. त्यालाही मुदत आहे, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. म्हणून ‘नंतर केव्हातरी’ म्हणजे नेमकं केव्हा, यावर सगळं अडतं. मी तिला म्हटलं, तुझं उत्तर इथे आहे. अन्याय झाला एवढं तर तुझ्या आजीलाही कळलं असतं. ‘समाज हक्क देत नाही’ म्हणणारी मुलगी समाजकार्याकडे जाईल, पत्रकार होईल, स्पर्धा परीक्षा देऊन तहसीलदारही होईल आणि सगळीकडे उपयोगी पडेल. एका कागदामागच्या दोन हकिकती वेगळ्या काढायच्या आणि त्या पुराव्यानं मांडायच्या, हे काम मात्र वकिलाचं आणि न्यायाधीशाचं आहे.

यावर तिनं मला विचारलं, “पण मॅडम, तहसीलदारसुद्धा फेरफाराची तक्रार ऐकतातच ना?” प्रश्न चांगला होता आणि तो तिला मुलाखतीतही येऊ शकला असता. ऐकतात. तलाठी नोंद धरतो, नोटीस निघते, हरकत आली की ती नोंद विवादग्रस्त म्हणून वर जाते. पण सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकंच. मालकी त्यानं मिळत नाही आणि जातही नाही. दस्त खरा की फसवून घेतलेला, हे दिवाणी न्यायालयच ठरवतं. ‘मग तहसीलदार का नाही?’ या प्रश्नाचं तिच्यापुरतं उत्तर याच फरकात होतं.

दुसऱ्या सरावात तिचं उत्तर असं झालं. पहिल्यापेक्षा लहान आणि कमी झणझणीत:

“२०१३ मध्ये माझ्या दोन आत्यांनी वडिलांच्या आणि काकांच्या नावे हक्कसोडपत्र केलं. मोठ्या आत्यानं समजून केलं. धाकटी म्हणते की तिला कागद कशाचा आहे ते सांगितलं नव्हतं. दस्तात दोघींबद्दल एकच वाक्य आहे. त्या वाक्यामागे खरं काय घडलं हे शोधून सिद्ध कसं करतात, ते मला शिकायचं आहे. बार्शीच्या कोर्टात मी असे दावे चालताना पाहिले. बराच वेळ काम कंटाळवाणं होतं. तरी उलटतपासणीत एका तारखेवरून साक्षीदाराची हकिकत बदलताना पाहिली आणि मला तिथून उठवेना.”

कंटाळवाणं हा शब्द तिनं स्वतः घातला आणि मी तो राहू दिला. कोर्ट प्रत्यक्ष न बघता आलेल्या मुलाच्या तोंडी तो येत नाही.

न्यायाधीश या वेळी जास्तच तयारीनं आले होते. “वडिलांनी चूक केली का?”

“धाकट्या आत्याच्या बाबतीत, ती म्हणते ते खरं असेल तर, हो. मी त्यांना तसं सांगितलंय. ही गोष्ट इथे सांगू का, असंही त्यांना विचारलंय.”

“काय म्हणाले?”

“दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, सांग.”

“मग वकील झाल्यावर आत्याचा दावा तुम्ही चालवाल?”

“नाही. माझ्या वडिलांच्या विरोधातला दावा आहे आणि त्या जमिनीत माझंही हित आहे. मी तिला दुसऱ्या वकिलाकडे पाठवीन. आणि लवकर पाठवीन, मला सनद मिळेपर्यंत थांबवणार नाही, कारण मुदतीचा प्रश्न आहे.”

हे उत्तर मी पढवलेलं नव्हतं. न्यायाधीशांनी काहीतरी टिपून घेतलं आणि दिशा बदलली. “बरं. उद्या तुमच्या ऑफिसात एक भाऊ येतो. बहिणीचं हक्कसोडपत्र करायचंय, दस्त तयार करून द्या म्हणतो. घेणार काम?”

या प्रश्नाला मुलं दोनपैकी एका टोकाला जातात. कुणी ताडकन ‘नाही’ म्हणतं, आणि मग ‘म्हणजे त्याला वकीलच मिळू नये का?’ यावर गप्प होतं. कुणी ‘वकिलाला सगळ्यांचं काम घ्यावंच लागतं’ म्हणतं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलानं आपण जिथे काम करतो तिथली प्रकरणं योग्य फी मिळत असेल तर घ्यावीत हे खरं, पण विशेष परिस्थितीत नकार द्यायलाही तेच नियम जागा ठेवतात. आणि हक्कसोडपत्र हा बेकायदा दस्त नाही. बहिणी खरोखर राजीखुशीनं हिस्सा सोडतात, कधी भावाच्या आजारपणामुळे, कधी शेती एकाच्या हाती राहावी म्हणून.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “घेईन. पण बहिणीला वेगळा वकील असावा असं सांगीन. आणि तिचा हिस्सा किती आणि आज त्याची किंमत काय, हे दस्तात लिहीन.”

“अशिलाला ते नको असेल तर? तो म्हणेल, किंमत लिहिली की ती सही करणार नाही.”

“मग तो मला फसवणुकीचा कागद लिहायला सांगतोय. तिथे मी नाही म्हणेन.”

“आणि तो शेजारच्या वकिलाकडे जाईल.”

“जाईल.”

इथे ती थांबली, आणि मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक इथे वाटलं. ‘पण मी समाजात जागृती करीन’ असं काही तिनं जोडलं नाही. शेजारचा वकील तो दस्त करून देईल आणि याला तिच्याकडे उपाय नाही, हे खरं आहे. मुलाखत घेणाऱ्याला ते तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. न सुटणारी गोष्ट सुटल्यासारखी दाखवली की आधीच्या चांगल्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो.

मग त्यांनी शेवटचा घाव घातला. “तुमच्या आजोबांना जमीन कुठून मिळाली?”

हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळा हिशोब यावर उभा आहे. आजोबांनी ती स्वतः विकत घेतली असेल तर १९५६ च्या मूळ कायद्यानंच चारही मुलांना समान हिस्सा मिळतो, २००५ ची गरजच उरत नाही. आत्यांचा वाटा तोच राहतो. बदलतं ते या मुलीचं स्वतःचं स्थान: वडिलांना वारसानं आलेली आजोबांची स्वकष्टार्जित जमीन ही वडिलांची स्वतंत्र मिळकत होते आणि तिच्यात नातीला जन्मानं काही मिळत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर मिळतं.

तिनं जुने फेरफार काढून पाहिले होते. “आजोबांना त्यांच्या वडिलांकडून, भावांबरोबरच्या वाटणीत आली.”

“म्हणजे तुम्ही स्वतः सहहिस्सेदार आहात. भाऊ आहे?”

“लहान आहे. नववीत.”

“दहा वर्षांनी तो हक्कसोडपत्र घेऊन आला तर सही कराल?”

“आधी वाचीन,” ती म्हणाली. “मग कदाचित करीनही. मोठ्या आत्यासारखी, कळून. पण वारस नोंदीसाठी सही हवीय असं तो म्हणाला, तर नाही.”

न्यायाधीश हसले आणि त्यांनी फाईल मिटली. मी मात्र एक राहिलेला प्रश्न विचारला: पाच वर्षांचा अभ्यासक्रम का, आधी पदवी घेऊन मग तीन वर्षांचा का नाही, आणि बी.ए. एलएल.बी. की बी.बी.ए. एलएल.बी.? यावर तिच्याकडे काहीच नव्हतं. “बी.ए. जरा सोपं असतं असं ऐकलंय” एवढंच आलं. हक्कसोडपत्राच्या कायद्यात इतकी खोल गेलेली मुलगी स्वतः भरलेल्या अर्जातल्या रकान्यावर अडली होती. उरलेली संध्याकाळ आम्ही त्यावर घातली: अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे कोणते पेपर असतात, जमिनीच्या आणि वारसाच्या दाव्यांना त्यातलं काय लागतं, आणि घरून पाच वर्षांची फी कशी भरणार हे विचारलं तर काय सांगायचं. फीचा आकडा तिला पाठ होता.